एक फोटो, तीन शब्द: ‘आज काय करू?’

संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला हा निरोप येतो. फ्रीजचं दार उघडं, आतला पिवळा दिवा, दोन-तीन कप्पे, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मावशी, आज काय करू?’ पाठवणारा भाचा असेल, नुकतीच वेगळ्या घरात राहायला गेलेली पुतणी असेल, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरची शेजारीण. किती जण जेवणार, अंडं चालतं का, हाताशी वेळ किती, स्वयंपाकाची सवय किती, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पाठवणाऱ्याला वाटतं, फोटो दिला म्हणजे सगळं दिलं.

अशा फोटोला उत्तर देण्याच्या दोन रीती सर्रास दिसतात, आणि दोन्ही फसतात. पहिली उलटतपासणीची: शाकाहारी आहेस का, किती जण, कुकर आहे का, उपवास नाही ना, वेळ किती? सहाव्या प्रश्नाच्या आत समोरचा बाहेरून काहीतरी मागवून मोकळा होतो. दुसरी रीत यादीची: फोडणीचा भात कर, नाहीतर मेथीचे पराठे, नाहीतर अंडा करी, नाहीतर दुधीचे कोफ्ते. ज्याला एक ठरवता येत नव्हतं, त्याच्यापुढे आता चार पर्याय ठरवायला येऊन पडतात.

तिसरी रीत आहे. जे माहीत नाही ते विचारत बसायचं नाही आणि अंदाजाने गृहीतही धरायचं नाही. पदार्थच असा निवडायचा, की न सांगितलेल्या गोष्टी कशाही निघाल्या तरी तो चुकणार नाही. हे कसं करायचं, ते एक फोटो समोर ठेवून पाहू.

फोटोत काय आहे

समजा, फोटो असा आहे. वरच्या कप्प्यात काचेच्या वाडग्यात पांढरा भात, वर ताटली अर्धवट सरकलेली. शेजारी दह्याचा अर्धा डबा आणि आईस्क्रीमचा एक डबा. मधल्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथीची जुडी, अर्धा कोबी, दोन टोमॅटो, दोन ढोबळ्या मिरच्या. खालच्या कप्प्यात तीन-चार गाजरं, पिशवीत कोथिंबीर आणि कापलेला अर्धा दुधी. दारात चार अंडी, सॉसची बाटली, लोणच्याची बरणी. फ्रीज मध्यम आकाराचा, फारसा भरलेला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे डब्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मराठी घरात आईस्क्रीमच्या डब्यात सोललेला लसूण, मटार किंवा खोबऱ्याचं वाटण असतं; त्यात आईस्क्रीम असलंच तर तो योगायोग. दह्याच्या डब्यात दही असण्याची शक्यता बरी, पण इडलीचं उरलेलं पीठ किंवा नारळाची चटणीही फोटोत तितकीच पांढरी दिसते. म्हणून झाकण असलेल्या डब्यावर मुख्य पदार्थ उभा करायचा नाही. डब्यातली वस्तू पानात बाजूला घ्यायची असेल तर ठीक आहे, ती नसली तरी जेवण अडत नाही.

दुसरी गोष्ट, फ्रीजमध्ये एखादी वस्तू नसण्याला काय अर्थ आहे ते ओळखायचं. या फोटोत कांदा आणि बटाटा नाही. त्यावरून ‘कांदा-लसूण न खाणारं घर’ असा निष्कर्ष काढणं चूक, कारण कांदे-बटाटे टोपलीतच असतात, फ्रीजमध्ये कुणीच ठेवत नाही. मासे किंवा चिकन दिसत नाही, पण ते असलं तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात असतं आणि त्याचं दार फोटोत बंद आहे. डाळी, पिठं, पोहे, रवा, तांदूळ, मिसळणाचा डबा हे सगळं फडताळात. मराठी स्वयंपाकाचा निम्म्याहून अधिक भाग फ्रीजच्या बाहेरच असतो, त्यामुळे नुसत्या फ्रीजवरून जेवण सुचवताना बाहेरचं काहीतरी गृहीत धरावंच लागतं. मी बेसन, कणीक, तेल, मीठ, हळद, तिखट आणि मोहरी-जिरं धरते. या पलीकडे काही लागणार असेल तर तसं लिहून सांगायचं, आणि ते नसलं तर काय चालेल हेही त्याच ओळीत.

अंडी दिसली म्हणजे काय ठरलं?

दारातली चार अंडी पाहिली की बहुतेकांचं उत्तर ठरून जातं: भुर्जी. अंडी हा खरोखरच दुवा आहे, पण तो घराबद्दल सांगतो, पाठवणाऱ्याबद्दल नाही. अंडी घरातल्या एकट्या मुलासाठी आणलेली असू शकतात. कित्येक घरांत अंड्याचा तवा आणि उलथणं वेगळं असतं आणि आजी त्या तव्याला हात लावत नाही. भाड्याच्या घरात तिघं मिळून राहत असतील तर दारातला कप्पा एकाचा आणि भाजी दुसऱ्याची. शिवाय एरवी अंडी खाणारा माणूस आज, म्हणजे ज्या दिवशी फोटो आला त्या दिवशी, खात असेलच असं नाही.

हा ‘आज’ मराठी घरात फार महत्त्वाचा, आणि तो फोटोत कधीच नसतो. श्रावण चालू असेल तर एरवी मासे-मटण खाणारी घरंही महिनाभर शाकाहारी असतात. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, पोटभर कांदाभजी आणि वांग्याचं भरीत खाऊन चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगी सोडणारी माणसं आजही आहेत. वांग्याचं बंधन काहींचं मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर सुटतं. एकादशी असेल तर बेसन-कणीक सगळंच बाद. आणि उपवासाला काय चालतं हे प्रत्येक घराचं वेगळं: एका घरात जिरं आणि कोथिंबीर चालते, दुसऱ्यात नाही.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी कॅलेंडरवर नजर टाकावी. त्याला अर्धं मिनिट लागतं आणि समोरच्याला काही विचारावं लागत नाही. एकादशी असेल तर उत्तरात एक ओळ घालायची, ‘आज उपवास असेल तर सांग, वेगळं सुचवते.’ नसेल तर तो विषय काढायचाच नाही.

आहाराबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या हाताला इतकी सवयीची की लक्षातच येत नाही. दाण्याचं कूट. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, कुठलीही पालेभाजी, आपण कूट न विचारता घालतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला मात्र ते जिवावर बेतू शकतं. अंड्याबद्दल आपण शंका तरी घेतो, कुटाबद्दल ती मनातही येत नाही. अनोळखी स्वयंपाकघरासाठी सुचवताना मूळ पदार्थात कूट न घालता ‘हवं तर वरून घे’ असं सांगावं. चव किंचित कमी झाली तर झाली.

भात सगळ्यात पुढे, म्हणून सगळ्यात आधी नाही

आता फोटोतला भात. तो सगळ्यात ठळक दिसतो आणि शिजलेला आहे, त्यामुळे ‘फोडणीचा भात कर’ हे उत्तर तोंडावर येतंच. माझ्या हिशेबी या फोटोतली सर्वात कमी भरवशाची वस्तू तीच. त्याचं वय फोटोत दिसत नाही.

तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे सूक्ष्म बीजाणू असतात आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास उघड्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे भात कितीही खमंग परतला तरी तयार झालेलं विष तसंच राहतं. वासावरून किंवा चवीवरूनही ते कळत नाही. ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षा विभागाचा सल्ला असा की शिजलेला भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि एका दिवसात संपवावा.

आपल्याकडची अडचण फ्रीजमध्ये ठेवण्याच्या दिवसांपेक्षा फ्रीजबाहेरच्या तासांची असते. रात्री नऊला केलेला भात ओट्यावर झाकून राहतो, सकाळी डबे भरताना कुणाच्या तरी लक्षात येतो आणि मग फ्रीजमध्ये जातो. त्या रात्रीत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. फ्रीज फक्त पुढची वाढ मंदावतो. म्हणून भाताबद्दल विचारायचं ते एवढंच: कधीचा आहे, आणि रात्रभर बाहेर होता का? संपूर्ण उत्तरात विचारण्यासारखा हा एकच प्रश्न आहे, कारण बाकी न सांगितलेल्या गोष्टी पदार्थाच्या निवडीतून सांभाळता येतात, ही येत नाही. आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याला थांबवायचं नाही. मुख्य पदार्थ भाताशिवायच सुचवायचा, भात चांगला निघाला तर तो सोबत होईल.

दुधी आणि मेथी एकत्र नको

कापलेला अर्धा दुधी पाहून सुचतं की तो किसून पिठात घालावा, लवकर संपेल. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक खाच आहे. कधीकधी दुधी कडू निघतो. काकडी, दुधी, दोडका या वेलवर्गातल्या फळांत कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि एखाद्या दुधीत ती फार जास्त निघतात. असा दुधी, विशेषतः त्याचा रस, पोटात गेला तर पोटात तीव्र कळा, उलट्या, रक्ताची उलटी इथपर्यंत मजल जाते. आपल्या देशात त्याने मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा यावरचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्याआधी तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागला तर पूर्ण फेकून द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. शिजवल्याने हा कडूपणा आणि त्यातला धोका जात नाही.

दुधी वाईट आहे हे इशारा देण्याचं काम फक्त त्याची चव करते. तो मेथीत किसून घातला तर कडूपणा मेथीच्या नावावर खपून जातो. जाणती बाई दुधी चिरतानाच सवयीने एक फोड तोंडात टाकते. पण फोटो पाठवणाऱ्याला ती सवय आहे की नाही, आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा या फोटोसाठी दुधी आणि मेथी एकत्र सुचवायचे नाहीत. दुधी उद्यासाठी, आणि त्याबरोबर एक सूचना: आधी छोटी फोड चाखून बघ.

हाताची सवय कशी ओळखायची

स्वयंपाकाची सवय किती, याचे दुवे फ्रीज देतो असं वाटतं. खोवलेलं खोबरं, मोड आलेली मटकी, घरी विरजलेलं दही दिसलं तर सराईत हात. तयार आलं-लसूण पेस्ट आणि विकतच्या पोळ्यांचं पाकीट दिसलं तर घाईतला किंवा नवखा. पण फ्रीज एकाचा असतो आणि ओट्यापाशी दुसराच उभा असतो. आई गावाला गेली आहे आणि तिच्या फ्रीजचा फोटो कॉलेजातल्या मुलाने काढला आहे, असं हमखास असतं. अर्धवट सरकलेली ताटली आणि फोटो काढायची घाई यांवरूनही काही सांगता येत नाही.

त्यामुळे हात ओळखण्याऐवजी पदार्थाला एक प्रश्न विचारावा: हा बिघडला तर जेवायला काय उरतं? मेथीचे पराठे घ्या. कणीक सैल झाली तर लाटता येत नाही, घट्ट झाली तर पराठा फाटतो, आणि फाटलेल्या पराठ्याचं दुसरं काही होत नाही. दुधीचे कोफ्ते तेलात सुटले तर तेल आणि दुधी दोन्ही गेले. उलट पीठ पेरून केलेल्या ढोबळी मिरचीत बेसन थोडं कमी-जास्त पडलं तरी भाजी ती भाजीच राहते. धिरडं तव्यावर तुटलं तर उलथण्याने तुकडे करून आणखी थोडं तेल सोडून परतावं. मोकळं, खमंग, चमच्याने खाण्यासारखं होतं. सराईत माणसाला असा पदार्थ सोपा वाटेल, पण अपमान वाटणार नाही. नवख्याला पराठा सांगितला तर त्याची रात्र वाया जाईल.

वेळेचंही असंच. पाककृतीत लिहिलेला वेळ चुलीवरचा असतो, खरा वेळ निवडण्यात जातो. फोटोतली मेथी न निवडलेली आहे. एक जुडी निवडायची, दोन-तीनदा पाण्यातून काढून माती घालवायची, चिरायची, यात सवयीच्या हाताला पंधरा मिनिटं लागतात आणि बिनसवयीच्या हाताला अर्धा तास. कोबी मात्र पाच मिनिटांत चिरून होतो. मेथी आधी खराब होणार हे खरं; अर्धा कोबी कापलेली बाजू झाकून ठेवली तर चार-पाच दिवस सहज राहतो. पण जुडी कागदात गुंडाळलेली आहे, फोटोत पानं हिरवी दिसताहेत, म्हणजे उद्यापर्यंत ती थांबेल. आज थकून आलेल्या माणसाला मेथी निवडायला बसवायचं की नाही, हे आपण ठरवू नये. पदार्थ असा निवडावा की दोन्ही चालतील.

फाटा जितका उशिरा, तितका बरा

हे सगळं एकत्र आणलं की धिरडं उरतं. आजीच्या काळापासूनचं, घरोघरी माहीत असलेलं, सणाच्या ताटात सहसा न येणारं. आपल्या कामासाठी त्यात एक मोठा गुण आहे. पीठ सगळ्यांसाठी एकच कालवता येतं आणि कोण काय खातं हा प्रश्न अगदी शेवटी, तव्यावर, एकेका धिरड्यापुरता सोडवता येतो. अंडं न खाणाऱ्याची धिरडी आधी काढायची. खाणाऱ्याच्या धिरड्यावर, वरची बाजू ओलसर असतानाच, फेटलेलं अंडं पसरून उलटायचं. दही खाणारा दह्याबरोबर खाईल, दूधदुभतं न खाणारा लोणच्याबरोबर. भुर्जी सुचवली असती तर पहिल्याच पायरीला निम्मे शक्य लोक गळले असते.

असा शेवटचा फाटा असलेले पदार्थ मराठी स्वयंपाकात पुष्कळ आहेत. साधं वरण तिघांचं एकच, वरून कुणाला लसणाची फोडणी, कुणाला नुसतं तूप-जिरं. पोहे कोरडेच भिजवून ठेवले की एकाचे कांदेपोहे होतात आणि दुसऱ्याचे दहीपोहे. ज्याच्याबद्दल काही ठाऊक नाही त्याला सुचवताना याच कुळातला पदार्थ शोधावा.

आता प्रत्यक्ष उत्तर. ते फोनवर वाचलं जाणार, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सुरी असताना. म्हणून छोटी वाक्यं, मापं वाटीची, आणि मिनिटांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा:

‘कोबीची धिरडी कर. अर्ध्या तासात होतील, दोघांना पुरतील. एक वाटी बेसन, पाव वाटी कणीक, हळद, तिखट, मीठ, असला तर चिमूटभर ओवा. आधी थोडंच पाणी घालून घट्ट कालव, गुठळ्या मोड, मग सैल कर. सगळं मिळून वाटीभर पाणी लागेल. पळीतून सलग पडायला हवं. त्यात वाटीभर बारीक चिरलेला कोबी आणि कोथिंबीर. कांदा खात असलास तर तोही. वेळ असेल तर कोबीऐवजी मेथी घे, ती आधी संपायला हवी.

तवा चांगला तापू दे, चमचाभर तेल, मग आच मध्यम. पळीभर पीठ पसर, झाकण ठेव. वरची चकाकी गेली आणि कडा सुटल्या की उलट. चिकटलं तर अजून अर्धं मिनिट थांब, ओढू नकोस. तुटलं तर तुकडे करून परत, तसंही छान लागतं.

अंडं खाणारे असतील तर त्यांची धिरडी शेवटी कर आणि उलटण्याआधी वर फेटलेलं अंडं पसर. सोबत दही किंवा लोणचं आणि टोमॅटो चिरून.

भात कधीचा आहे? रात्रभर बाहेर होता का? ते कळेपर्यंत खाऊ नकोस. दुधी उद्या, पण चिरताना एक फोड चाख. कडू असेल तर सगळा टाकून दे.’

या उत्तरात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. गाजर नाही आणि आलं-लसूण नाही. कांदा ‘खात असलास तर’. कांदा, लसूण, आलं, गाजर, बटाटा वर्ज्य असलेलं जैन घर असेल तरी पीठ तेच राहतं. त्या घरात चातुर्मासात पालेभाजी बंद असेल किंवा कोबी चालत नसेल, तर कोथिंबीर वगळून फोटोतलीच ढोबळी मिरची बारीक चिरून घालता येते. दाण्याचं कूट कुठेच नाही. आईस्क्रीमच्या डब्याचा उल्लेख नाही. दही पर्यायी आहे, म्हणजे त्या डब्यात दही नसलं तरी काही बिघडत नाही. गृहीत धरलेल्या दोनच मोठ्या वस्तू आहेत, बेसन आणि कणीक, आणि दोन्ही फोटोत दिसणं शक्यच नव्हतं.

उत्तर कच्चं राहण्याची एक जागा आहे, आणि तिथे अनुभवी लोकही घसरतात. बेसन आतून शिजलं की नाही, हे नवख्याला कळत नाही. वरून तांबूस, आत कच्चं, आणि खाताना कच्च्या पिठाचा जड वास. धिरडं जाड पडलं किंवा आच मोठी असली की असं होतं. म्हणून ‘मध्यम आच’ आणि ‘झाकण’ हे दोन शब्द गाळायचे नाहीत. उत्तर छोटं करायचं म्हणून बाकी काहीही कापा, हे ठेवा.

दुसरा पर्याय कधी द्यावा

एकच पदार्थ सुचवणं बरं, पण एक प्रसंग असा आहे की दुसरा द्यावाच लागतो: पहिल्याला लागणारी मुख्य वस्तू फोटोबाहेरची असेल तेव्हा. इथे ती बेसन आहे. ते नसेल तर? तेव्हा दुसरा पर्याय पूर्ण निराळा नको, त्याच चिरलेल्या भाजीतून निघणारा हवा. समोरच्याने तोवर कोबी चिरायला घेतलेला असतो; त्याला ‘मग उपमा कर’ म्हटलं तर तो कोबी तसाच ओट्यावर राहतो.

भाताचं उत्तर आलं तर तेही याच पदार्थाला जोडता येतं. ‘आज दुपारचा, लगेच फ्रीजमध्ये ठेवला’ असं कळलं, तर त्यातला वाटीभर भात हाताने कुस्करून धिरड्याच्या पिठात घालायला सांगावं; पीठ मिळून येतं आणि धिरडं उलटताना कमी तुटतं. ‘परवाचा’ असं आलं तर भात टाकायचा, फोडणी घालून वाचवायचा प्रयत्न करायचा नाही. शिळ्या भाताची आपल्याला हळहळ वाटते, पण वाडगाभर तांदळाची किंमत आणि रात्रभर उलट्या यांचा हिशेब फार अवघड नाही.

पाठवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवते. फोटोबरोबर आणखी चार शब्द लिहिले, ‘तिघं, अंडं नको, अर्धा तास’, तर उत्तर दुप्पट नेमकं येतं. आणि फ्रीजचा एक फोटो काढता तसाच पिठांच्या डब्यांच्या फळीचा दुसरा काढला तर पाठोपाठचे प्रश्नच संपतात. मराठी रात्रीचं जेवण फ्रीजपेक्षा त्या फळीवरून जास्त ठरतं. पण हे कुणी लिहीत नाही, लिहिणारही नाही. भुकेच्या वेळी माणूस तीन शब्दांपलीकडे जात नाही, आणि सुचवणाऱ्याने तेवढ्यावरच भागवायला शिकावं.

आपलं उत्तर बरं जमलं की नाही, हे पुढच्या निरोपावरून कळतं. तो बहुतेकदा कौतुकाचा नसतो. तो असा असतो: ‘मावशी, बेसन संपलंय. ज्वारीचं पीठ आहे.’ पदार्थ नीट निवडला असेल तर यावर नव्याने विचार करावा लागत नाही, एका ओळीत भागतं: ‘मग पाणी निम्मं घाल, कणीक तेवढीच राहू दे, गार तव्यावर तेल लावून हाताने थाप, मधे चार भोकं पाड आणि झाकण ठेव. थालीपीठ झालं.’